सात माफ्या आणि एक विनंती: वरिष्ठांना पाठवलेल्या एका मेलचं प्रकरण

कंपनी मध्यम आकाराची. अकाउंट्स विभाग ठाण्यात वागळे इस्टेटला, कारखाना आणि स्टोअर्स रबाळ्याच्या एमआयडीसीत. आतला पत्रव्यवहार बराचसा मराठीत चालतो. अकाउंट्समधल्या सीनियर एक्झिक्युटिव्हनं २२ ऑगस्टला वित्त विभागाच्या उपाध्यक्षांना एक मेल पाठवला. मागणी रास्त होती आणि ती मान्य करणं उपाध्यक्षांच्याच हातात होतं, तरी मेलमधून काहीच निघालं नाही. चार दिवसांनी तीच मागणी पुन्हा गेली आणि तिच्यावर निर्णय आला. या दोन मेलांमध्ये काय बदललं आणि का, याची ही नोंद आहे.

मागणी समजायला जीएसटीचं थोडं कॅलेंडर लागेल. दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून आपल्याला किती क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, दिसतं त्याचं विवरण. २० तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे आधीच्या महिन्याचा कर भरण्याचं रिटर्न, भरायचं असतं. बिल टू-बीमध्ये दिसलं तरी माल प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय त्याचं क्रेडिट वापरता येत नाही, आणि या कंपनीत माल मिळाल्याचा पुरावा म्हणजे स्टोअर्सनं सिस्टीममध्ये केलेला जीआरएन. तो २० तारखेच्या आत झाला नाही की क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि तेवढा कर रोखीनं भरावा लागतो. जुलैच्या रिटर्नला नेमकं हेच घडलं. स्टोअर्स अकाउंट्सच्या हाताखाली येत नाही. त्यामुळे जीआरएनची तारीख बांधून देणं हा वरचाच निर्णय होता.

पहिला मेल

> विषय: एक छोटीशी विनंती (त्रासाबद्दल क्षमस्व)
>
> आदरणीय सर,
>
> सर्वप्रथम, आपल्या व्यस्त दिनक्रमात व्यत्यय आणल्याबद्दल मनापासून क्षमस्व. खरं तर हा विषय आपल्यापर्यंत आणावा असा नाही याची मला कल्पना आहे. लहान तोंडी मोठा घास घेतेय असं वाटलं तर माफ करा.
>
> गेले काही महिने स्टोअर्सकडून जीआरएन थोडे उशिरा येत आहेत. त्यांच्याकडेही खूप काम असतं, कदाचित माझाच फॉलो-अप कमी पडत असेल, त्याबद्दल सॉरी. पण त्यामुळे थ्री-बीच्या वेळी थोडी धावपळ होते आणि काही क्रेडिट पुढच्या महिन्यात जातं. जुलैचा आकडा साधारण सहा-साडेसहा लाख असावा, चूकभूल द्यावी घ्यावी.
>
> जमलं तर, आणि आपल्याला योग्य वाटलं तरच, जीआरएन थोडे लवकर मिळण्याबाबत काही करता आलं तर बरं होईल. नाही जमलं तरी हरकत नाही, आम्ही सांभाळून घेऊ.
>
> २० तारखेला जादा रोख लागणार हे आपल्याला उशिरा कळवलं, त्याबद्दलही क्षमा असावी.
>
> पुन्हा एकदा त्रासाबद्दल क्षमस्व.

उपाध्यक्षांचं उत्तर तासाभरात आलं: "अहो, सॉरी कशाला? असं काही नाही. स्टोअर्सशी बोलून घ्या, बघू."

उत्तर प्रेमळ आहे आणि त्यातच गोम आहे. माणूस माफी मागतो तेव्हा समोरच्यावर पहिलं काम येतं ते माफ करण्याचं. उपाध्यक्षांनी ते काम केलं, अगदी मनापासून केलं, आणि मेल हातावेगळा झाला. विनंतीला त्यांनी नकार दिलेला नाही, कारण त्यांच्या वाचनात ती विनंती म्हणून आलीच नाही. माफ्यांनी विनंती झाकली गेली की नाही, हे ओळखायला आलेलं उत्तर पाहावं. "सॉरी कशाला", "टेन्शन घेऊ नका", "हरकत नाही" अशी सुरुवात असेल, तर वाचणाऱ्यानं मजकुराला उत्तर दिलेलं नाही, सुराला दिलं आहे.

त्यात वाचण्याची जागाही विचारात घ्यायला हवी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडीत बसलेला माणूस फोनवर विषय आणि पहिल्या दोन ओळी बघतो. तिथं त्याला दोनदा "क्षमस्व" दिसलं, जीआरएन हा शब्द दिसलाच नाही.

मोजणी आणि प्रत्येक माफीला एक प्रश्न

दुरुस्तीची सुरुवात मोजण्यापासून झाली. मेल छापून उघड माफ्या अधोरेखित केल्या: विषयात एक, पहिल्या परिच्छेदात दोन, दुसऱ्यात "सॉरी" आणि "चूकभूल", मग "क्षमा असावी", शेवटी पुन्हा "क्षमस्व". एकूण सात. त्यानंतर माफीचा शब्द नसलेल्या, पण तिचंच काम करणाऱ्या जागा: "छोटीशी", तीनदा आलेलं "थोडे-थोडी-थोडे", "कदाचित", "योग्य वाटलं तरच", "नाही जमलं तरी हरकत नाही".

एवढ्यावर सगळं खोडून टाकण्याचा मोह होतो. तसं करू नये. प्रत्येक माफीला आधी एकच प्रश्न विचारायचा: ही कोणत्या कृत्याबद्दल आहे, आणि त्या कृत्याचा वाचणाऱ्याला खरंच त्रास झाला का?

सातांपैकी एकच माफी या प्रश्नाला उत्तर देते. २० ऑगस्टला जादा रोख लागणार हे टू-बी जुळवताना १६ तारखेलाच दिसलं होतं, आणि उपाध्यक्षांना ते १९ च्या संध्याकाळी कळलं. त्यांना एका रात्रीत पैशांची सोय करावी लागली. ही खरी चूक आणि हिची माफी मागायलाच हवी. पहिल्या मेलमध्ये मात्र ती सहाव्या क्रमांकावर आहे. आधीच्या पाच पोकळ माफ्यांमुळे ती तेवढीच पोकळ वाटते. नको त्या माफ्या काढण्याचं मला वाटतं ते सर्वांत मोठं कारण हेच आहे: त्या खऱ्या माफीची किंमत घालवतात.

उरलेल्या सहांचं कृत्य शोधायला गेलं तर सापडत नाही. पण प्रत्येकीच्या खाली काहीतरी दडलेलं असतं, आणि माफी काढली की ते तिथं लिहावं लागतं किंवा ते काम आधी उरकावं लागतं. वेळ लागतो तो या भागाला.

"व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व" याच्या खाली शंका आहे की हा विषय त्यांचा आहे का. आहे. दोन विभागांमधली तारीख दुसरं कोणी ठरवू शकत नाही. मग माफीच्या जागी "यासाठी आपली मंजुरी हवी आहे" एवढंच पुरतं. वाचणाऱ्याला आपण का, हे त्यातून कळतं.

"लहान तोंडी मोठा घास" याच्या खाली भीती आहे ती स्टोअर्स इन-चार्जची चुगली केल्यासारखं दिसण्याची. भीती रास्त आहे. पण ती शब्दानं जात नाही, त्यांच्याशी आधी बोलल्यानं जाते. म्हणून मेल लिहिणारी २५ ऑगस्टला ट्रान्सहार्बर लोकलनं रबाळ्याला गेली आणि यादी समोर ठेवून बोलली. तिथं कळलं की उशीर झालेल्या बिलांपैकी नऊ बिलांच्या मालाचा नमुना तपासणीसाठी बाहेरच्या लॅबकडे जातो. अहवाल आल्याशिवाय स्टोअर्स जीआरएन करूच शकत नाही. ही बाब मेलमध्ये नसती, तर तो फॉरवर्ड होताच पहिला आक्षेप हाच आला असता. वरिष्ठांना लिहिलेला मेल फॉरवर्ड होतोच हे धरूनच लिहावं. पहिला मेल तसाच स्टोअर्सकडे गेला असता, तर "कदाचित माझाच फॉलो-अप कमी पडत असेल" हे एकच वाक्य उचलून विषय संपवता आला असता.

"चूकभूल द्यावी घ्यावी" हे मला या मेलमधलं सर्वांत महागडं वाक्य वाटतं. बिलाच्या किंवा हिशेबाच्या तळाशी चूभूद्याघ्या लिहिण्याची आपली रीत जुनी आहे आणि तिथं तिला अर्थ आहे. दोन्ही बाजूंनी हिशेब तपासून दुरुस्त करता येईल, असा तो करार असतो. विनंतीतल्या आकड्यापुढे ते लिहिलं की अर्थ बदलतो: आकडा मीच तपासलेला नाही. आणि खरंच तपासलेला नव्हता. टू-बीची यादी जीआरएनच्या तारखांशी ओळ-ओळ जुळवल्यावर उशिराची बिलं २३ निघाली, कर ६,४८,००० रुपये. त्यातली दोन स्टोअर्समुळे नव्हे, तर अकाउंट्सनं पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, वेळेत दुरुस्त न केल्यामुळे अडकलेली. ती वजा केल्यावर स्टोअर्सकडची बिलं २१, करपात्र रक्कम ३४ लाख, १८ टक्क्यांनी कर ६,१२,००० रुपये. अर्धा दिवस लागला, पण त्यानंतर त्या आकड्याला कोणत्याही आधाराची गरज उरली नाही.

मान कुठे असतो

माफ्या काढायच्या म्हटलं की लगेच येणारी शंका अशी: मग मेल उद्धट नाही वाटणार? मराठीत लिहिताना ही भीती अनाठायी आहे, कारण आपल्याकडे मान व्याकरणातच असतो. "आपण", "सर", आदरार्थी अनेकवचन आणि क्रियापदाचं "-आवं" हे रूप. "निर्णय मिळावा, ही विनंती" या वाक्यात एकही माफी नाही आणि आदर पुरेपूर आहे. "निर्णय द्या" म्हटलं तर तो कमी होतो. तेव्हा माफी खोडताना क्रियापदाला हात लावायचा नाही, एवढं सांभाळलं की पुरे.

आता मूळ मेलमधली विनंती पुन्हा बघा: "जीआरएन थोडे लवकर मिळण्याबाबत काही करता आलं तर बरं होईल." कोणी करायचं? कर्ताच नाही. काय करायचं? "काही". कधीपर्यंत? नाही. हे नम्रतेचं रूप वाटतं, पण प्रत्यक्षात वाचणाऱ्याच्या डोक्यावर ओझं टाकणं आहे, कारण मागणी काय असावी हेही आता त्यानंच ठरवायचं. कामात गढलेल्या वरिष्ठाला हो म्हणायला सोपं जावं म्हणून मागणी नेमकी हवी.

"जमलं तर" या शब्दांचा प्रश्न जरा वेगळा आहे. अट खरी असेल तर ती लिहावी. "ऑगस्टपासून लागू करायचं असल्यास १ सप्टेंबरपर्यंत निर्णय मिळावा" ही खरी अट आहे, तिच्यातून वाचणाऱ्याला काहीतरी कळतं. "आपल्याला योग्य वाटलं तरच" यातून काहीच कळत नाही, कारण योग्य न वाटल्यास ते मंजुरी देणार नाहीतच. आणि "आम्ही सांभाळून घेऊ" हे तर आपल्याच मागणीला आपणच दिलेलं नकाराचं उत्तर. उपाध्यक्षांनीही मग ते अकाउंट्सवरच सोडलं.

दुसऱ्या टोकाला गेलेला मसुदा

सगळ्या माफ्या एका दमात खोडल्यावर जो मसुदा तयार झाला, तोही पाठवण्याजोगा नव्हता. त्यातल्या तीन ओळी अशा होत्या:

> स्टोअर्सच्या दिरंगाईमुळे कंपनीचं सहा लाखांचं नुकसान झालं आहे. जीआरएन ५ तारखेपर्यंत पूर्ण करण्याचे आदेश द्यावेत. तसं न झाल्यास अकाउंट्स विभाग जबाबदार राहणार नाही.

हे असं नेहमी होतं. माफीमागे दाबून ठेवलेला वैताग माफी निघाली की वर येतो. पण इथली अडचण सुरापेक्षा खरेपणाची जास्त आहे. पैसे बुडालेले नाहीत. क्रेडिट ऑगस्टच्या रिटर्नमध्ये मिळणार आहे, रक्कम महिनाभर अडकली इतकंच. ओव्हरड्राफ्टचा दर वर्षाला १० टक्के धरला, तर ६,१२,००० रुपयांवर महिन्याचं व्याज ५,१०० रुपये होतं. "सहा लाखांचं नुकसान" वाचून वित्ताच्या माणसाचा पहिला विचार "हिला फरक कळत नाही का?" असाच येणार. मुद्दा व्याजाचा नाही, २० तारखेला हातातून जाणाऱ्या रोखीचा आहे, आणि तो तसाच मांडला की पुरेसा वजनदार आहे. "दिरंगाई" हा शब्दही लॅबमध्ये अडकलेल्या नऊ बिलांना लागू पडत नाही.

पाठवलेला मेल

२६ ऑगस्टला गेलेला मजकूर:

> विषय: मागच्या महिन्याचे जीआरएन ५ तारखेला बंद करण्यास मंजुरी – १ सप्टेंबरपर्यंत निर्णय हवा
>
> नमस्कार सर,
>
> प्रत्येक महिन्याचे जीआरएन पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत सिस्टीममध्ये पूर्ण व्हावेत, यासाठी आपली मंजुरी हवी आहे. ऑगस्टपासून लागू करायचं असल्यास १ सप्टेंबरपर्यंत निर्णय मिळावा, ही विनंती.
>
> जुलैत आलेल्या २१ बिलांच्या मालाचे जीआरएन २० ऑगस्टनंतर झाले. त्यामुळे ६,१२,००० रुपयांचं क्रेडिट जुलैच्या थ्री-बीमध्ये घेता आलं नाही आणि तेवढा कर २० तारखेला रोखीनं भरावा लागला. हे क्रेडिट ऑगस्टच्या रिटर्नमध्ये मिळेल. आणखी दोन बिलं आमच्याकडे पीओ दुरुस्त न झाल्यामुळे राहिली. ती दुरुस्ती आता माल येण्याआधीच करतो. यादी जोडली आहे.
>
> स्टोअर्स इन-चार्ज यांच्याशी २५ ऑगस्टला बोलणं झालं. २१ पैकी १२ बिलांसारख्या मालासाठी ५ तारीख पाळता येईल, असं त्यांनी सांगितलं. ९ बिलांचा माल बाहेरच्या लॅबच्या तपासणीत होता. अशा मालाची गेट एंट्रीप्रमाणे वेगळी यादी ते ५ तारखेला देऊ शकतात. क्रेडिटसाठी ती यादी धरायची का, हे आपण ठरवावं.
>
> २० ऑगस्टला जादा रोख लागणार हे मला १६ तारखेला दिसलं होतं आणि मी ते १९ च्या संध्याकाळी कळवलं. त्याबद्दल क्षमस्व. यापुढे अंदाज १६ तारखेलाच पाठवेन.

पीओच्या दोन बिलांची चूक इथं कबूल केली आहे, पण तिच्यापुढे माफी नाही. ते मुद्दाम आहे. त्या चुकीनं उपाध्यक्षांचं वैयक्तिक काही अडलं नव्हतं. काय झालं आणि काय बदललं हे सांगितलं की ती बाब मिटते. रोखीच्या बातमीचं तसं नाही, त्यात त्यांची रात्र गेली होती. म्हणून तिथं "क्षमस्व" राहिलं, कारणासकट आणि पुढच्या व्यवस्थेसकट.

तिची जागा शेवटी का? माफीचा विषय मागणीपेक्षा वेगळा आहे आणि ती वर ठेवली तर उत्तर पुन्हा तिलाच येतं. एक अपवाद आहे. चूक इतकी ताजी किंवा मोठी असेल की वाचणाऱ्याच्या मनात तीच असणार, तर आधी तिचा वेगळा मेल पाठवावा आणि विनंती दुसऱ्या दिवशी करावी. एकाच मेलमध्ये दोन्ही ओझी पेलत नाहीत.

मूळ मेलचं "आदरणीय" काढून "नमस्कार" केलं, ते मात्र बंधनकारक नाही. ज्या कार्यालयात "आदरणीय" ची रीत आहे तिथं ते ठेवावं. मायना म्हणजे माफी नव्हे. तसंच फोनवर किंवा केबिनच्या दारात "सर, दोन मिनिटं आहेत का?" विचारणं यात काही कमीपणा नाही. तो प्रश्न आहे आणि त्याचं खरं उत्तर मिळतं. बोलताना निसटलेलं एखादं "सॉरी" चेहऱ्यावरच्या आत्मविश्वासानं भरून निघतं. लिहिलेलं "सॉरी" तिथंच राहतं आणि पुढे जाईल तिथं जातं.

उत्तर आणि त्यानंतर

उपाध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं: "५ ऐवजी ७ तारीख ठेवा. लॅबच्या मालाच्या यादीबद्दल टॅक्स सल्लागारांना विचारा, ते म्हणतील तसं करा. तीन महिने चालवून बघू." मेल त्यांनी तसाच स्टोअर्स इन-चार्जना पुढे पाठवला. तो वाचून त्यांना लागण्यासारखं काही नव्हतं, त्यांचंच म्हणणं त्यात होतं.

मागितलं होतं त्यापेक्षा दोन दिवस उशिराची तारीख मिळाली आणि एक प्रश्न सल्लागाराकडे गेला. तरी पहिल्या उत्तराशी तुलना करा. यात तारीख आहे, मुदत आहे, पुढचं काम कोणाचं हे आहे.

सप्टेंबरच्या ७ तारखेला ऑगस्टचे चार जीआरएन बाकी राहिले. ८ ला आठवणीचा मेल लिहायचा होता, आणि जुनी सवय परत येते ती इथंच. "पुन्हा त्रास देतेय, सॉरी" हे बोटं आपोआप टाईप करतात. पण ठरलेल्या तारखेची आठवण करून देणं हे तिला नेमून दिलेलं काम होतं. स्टोअर्सला गेलेला मजकूर इतकाच: "ऑगस्टच्या ३८ पैकी ३४ जीआरएन पूर्ण झाले, धन्यवाद. बाकी चार बिलांचे क्रमांक खाली दिले आहेत. टू-बी १४ ला येतं, त्याआधी १२ पर्यंत हे पूर्ण व्हावेत. यातलं एखादं लॅबमध्ये असेल तर कळवावं, ते वेगळ्या यादीत घेते."